जुना पूल, जड ट्रक

आमच्या जुन्या पुलाच्या भारक्षमतेच्या पत्रात २८.५ टनी ट्रकसाठी ‘गुणांक ०.९’ असं आहे. तो ट्रक नेता येईल का?

भरलेला नाही. गुणांक १ किंवा जास्त असेल तरच त्या ट्रकला परवानगी मिळते. समजा, सुरक्षेची कपात करून गर्डरची ताकद १०० भाग उरली. त्यातले ५५ पुलाच्या स्वतःच्या वजनातच जातात. उरले ४५, आणि ट्रकला धक्क्यासकट लागतात ५०. म्हणजे ०.९. साधारण २५ टनांचा फलक लागेल.

२०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, पूल मात्र तेच राहिले.

पत्रातल्या अटी नीट वाचा. ‘एका वेळी एकच वाहन, मधोमध, सावकाश’ असं असेल, तर हिशेब त्याच गृहीतावर आहे. समोरून दुसरा ट्रक आला की तो हिशेब मोडला. दोन खांबांमधला गाळा लहान असेल, तर एकूण वजनापेक्षा आसाचं वजन जास्त छळतं, म्हणून तो आकडाही बघा.

आणि हा गुणांक बहुधा वरच्या गर्डरचा असतो. पायाखालची माती पुरात वाहून गेली का, हे त्यातून कळत नाही. पावसाळ्यानंतर खांबांच्या बुडाशी खड्डा दिसला, तर वाहतूक थांबवून अभियंत्याकडून पाहणी करून घ्या.