सुरक्षेचा इशारा खरा की बनावट? निकाल मेलमध्ये नसतो, खात्यात असतो

प्रश्न: गूगलच्या नावाने मेल आलाय की माझ्या खात्यात नव्या डिव्हाइसवरून साइन-इन झालं. पाठवणाऱ्याचा पत्ता no-reply@accounts.google.com असाच दिसतोय, भाषेतही चूक नाही. हा खरा की फिशिंग, कसं ओळखायचं?

मेल तसाच राहू द्या, त्यातलं काहीही दाबू नका. ब्राउझरमध्ये नवी टॅब उघडा, स्वतःच्या हाताने myaccount.google.com टाइप करा आणि Security विभागात जा. तिथे गेल्या 28 दिवसांतल्या सुरक्षेच्या घडामोडींची यादी असते. कोणी नव्या डिव्हाइसवरून आत आलं असेल तर ती घटना वेळेसकट तिथे नोंदलेली सापडेल. खरा मेल म्हणजे त्या नोंदीची तुमच्यापर्यंत पोचवलेली वर्दी, एवढंच. नोंद सापडली तर पुढची कारवाई त्याच पानावरून करा. नोंदच नसेल, तर मेल कितीही हुबेहूब असला तरी त्याच्या लिंकवर जायचं कारण उरत नाही.

इतर सेवांचंही असंच आहे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये तर त्यांनी तुम्हाला अलीकडे पाठवलेल्या मेलची यादीच असते. आलेला मेल त्या यादीत दिसत नसेल, तर तो त्यांचा नाही असं धरून चाला.

तुम्ही म्हणाल, पत्ता बरोबर आहे, मग एवढा खटाटोप कशाला? एप्रिल 2025 मधलं एक प्रकरण सांगतो, कारण ते नेमकं तुमच्या मेलसारखंच होतं. काही जणांना no-reply@accounts.google.com वरून मेल आला. गूगलवर न्यायालयीन समन्स बजावण्यात आलं आहे आणि त्यात तुमच्या खात्यातला मजकूर मागितला आहे, असं त्यात लिहिलं होतं. पत्ता खोटा नव्हता. मेलवरची गूगलची डिजिटल सहीसुद्धा अस्सल होती. जीमेलने कसलीही सूचना दाखवली नाही, उलट तो मेल गूगलच्या आधीच्या खऱ्या इशाऱ्यांच्याच साखळीत नेऊन बसवला.

हे जमवलं कसं, ते बघण्यासारखं आहे. भामट्यांनी स्वतःचं एक डोमेन घेतलं आणि त्यावर me@ असा पत्ता काढून त्याचं गूगल खातं उघडलं. मग गूगलला जोडता येणारं एक अॅप तयार केलं. अॅपच्या नावाच्या रकान्यात त्यांनी नाव नाही, तर समन्सचा अख्खा मजकूर भरला, त्यापुढे भरपूर मोकळी जागा सोडली. मग त्या अॅपला आपल्याच खात्यात शिरायची परवानगी दिली. अशी परवानगी दिली की गूगल आपणहून सुरक्षेचा इशारा पाठवतं आणि त्यात अॅपचं नाव छापतं. म्हणजे फसवणुकीचा मजकूर गूगलनेच लिहिला, गूगलनेच सही करून पाठवला. भामट्यांनी तो मेल तसाच्या तसा लोकांना फॉरवर्ड केला. ही सही मेलच्या मजकुरावर आणि काही मोजक्या तपशिलांवर असते, तो कोणाकोणाच्या हातून आला त्यावर नसते. अक्षर न बदलता पुढे धाडला की सही वैधच राहते. आणि me@ पत्ता का? जीमेल आपल्याला आलेल्या मेलवर 'to me' असं दाखवतं, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला तिथेही काही खटकत नाही. डोकं लावलं होतं, हे कबूल करावंच लागतं. गूगलने ती वाट नंतर बुजवली, पण बरोबर पत्ता म्हणजे खरा मेल हे समीकरण मात्र मोडलं ते मोडलंच.

यातही सुटलेले धागे होतेच. मेलचा तपशील उघडला की 'mailed-by' समोर गूगलऐवजी भलतंच डोमेन दिसत होतं. खाली, मोकळ्या जागेच्या पलीकडे, खात्यात प्रवेश दिल्याबद्दलचं मूळ वाक्य शिल्लक होतं. सगळ्यांत मोठी खूण लिंकमध्ये होती. ती accounts.google.com वर न जाता sites.google.com वर जात होती. ती जागा गूगलची खरी, पण तिथे कोणीही आपलं पान बनवू शकतं. त्या पानावर लॉगिनची नक्कल मांडून ठेवली होती.

म्हणून पत्ता वाचायचाच असेल तर एक सवय लावून घ्या. https:// नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून उलटं, डावीकडे वाचत या. समजा लिंक अशी आहे:

```
https://accounts.google.com.signin-alert.example/verify
```

पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे? signin-alert.example. मालक तोच. त्याच्या डावीकडे accounts.google.com लिहिलंय ते निव्वळ सजावट म्हणून, आपल्या डोमेनच्या आधी कोणीही काहीही जोडू शकतं. शेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका. कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे एवढंच ते सांगतं, आणि बनावट साइटलाही ते फुकट मिळतं. यापेक्षा पासवर्ड मॅनेजर भरवशाचा. तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळला तरच पासवर्ड भरायला पुढे येतो. एरवी आपोआप भरणारा मॅनेजर एखाद्या लॉगिन पानावर गप्प बसला, तर हाताने पासवर्ड टाकायच्या आधी थांबा.

आता उलट बाजू. इशारा शंभर टक्के खरा असूनही फसवणूक होऊ शकते. तुमच्या पत्त्यावर 'पासवर्ड विसरलो' कोणीही दाबू शकतं, त्यासाठी तुमचा पासवर्ड माहीत असावा लागत नाही. मग कंपनीकडून अस्सल कोड तुम्हाला येतो आणि मिनिटभरात फोन वाजतो: "सुरक्षा विभागातून बोलतोय, तुमच्या खात्यावर हल्ला चालू आहे, आत्ता आलेला कोड सांगा म्हणजे आम्ही तो थांबवतो." मेसेज खरा आहे हे तपासून माणसाचा फोनवाल्यावर विश्वास बसतो, आणि डाव तिथेच साधतो. तो मेसेज फोन करणाऱ्यानेच मागवलेला असतो. न मागता आलेला कोड कोणालाही सांगायचा नाही, कुठेही टाकायचा नाही.

खऱ्या इशाऱ्यातलं ठिकाण पाहूनही लोक दचकतात. ते आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. मोबाइल नेटवर्क किंवा व्हीपीएन असेल तर तुमचंच साइन-इन दुसऱ्या शहरातलं दिसू शकतं. म्हणून ठिकाणापेक्षा वेळ आणि डिव्हाइस ताडून बघा.

यादीतली नोंद तुमची नसेल, किंवा तुम्ही आधीच लिंकवर पासवर्ड टाकून बसला असाल, तर त्याच myaccount.google.com वरून पासवर्ड बदला आणि अनोळखी डिव्हाइस साइन-आउट करा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. मग रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचेच आहेत ना, हे पाहा. अॅपला दिलेल्या परवानग्याही तपासा, कारण पासवर्ड बदलला म्हणून त्या सगळ्याच रद्द होतात असं नाही. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडा. आत शिरलेला माणूस तिथे एक नियम बसवून जातो: सुरक्षेचे मेल थेट कचऱ्यात. मग पुढचे खरे इशारे तुम्हाला दिसतच नाहीत.