समोरून येणारी स्कूल बस थांबली तर आपण थांबायचं का?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून एडिसनला (न्यू जर्सी) आलोय, नुकतीच गाडी घेतली. समोरच्या बाजूने येणारी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली तर मलाही थांबावं लागतं का? कॅलिफोर्नियातला मित्र म्हणतो, चार लेनचा रस्ता असेल तर गरज नाही. मध्ये दुभाजक असेल तर काय?

उत्तर:

मित्राचं चुकलेलं नाही, पण तो त्याच्या राज्याचं सांगतोय. कॅलिफोर्नियात दोन्ही दिशांना दोन-दोन लेन असल्या की समोरून येणाऱ्या गाड्यांना थांबावं लागत नाही. न्यू जर्सीत लेन कुणी मोजत नाही. इथे एवढंच बघतात की दोन दिशांच्या मध्ये खरोखर काही आडवं आहे का: काँक्रीटचा दुभाजक, गवताची पट्टी, लोखंडी कठडा. तसं काही नसेल तर रस्ता दोन लेनचा असो की चार, दोन्ही दिशांच्या सगळ्या गाड्यांनी बसपासून किमान २५ फुटांवर थांबायचं. २५ फूट म्हणजे साधारण दीड गाडीची लांबी. मध्ये दुहेरी पिवळी रेघ आहे किंवा डावीकडे वळायची सामाईक लेन आहे, म्हणून दुभाजक झाला असं नाही. तो नुसता रंग आहे, आणि जास्तीत जास्त लोक फसतात ते तिथेच.

खरा दुभाजक असेल तर बसच्या बाजूच्या, म्हणजे तिच्या मागून येणाऱ्या गाड्यांनी थांबायचंच. पलीकडच्या बाजूला तुम्ही असाल तर थांबायची सक्ती नाही, पण वेग ताशी १० मैलांवर आणायचा. आपल्या हिशेबात १६ किलोमीटर, म्हणजे सोसायटीच्या आवारात चालवतो तितका. ही १० मैलांची गोष्ट लोक विसरतात आणि "दुभाजक आहे ना" म्हणत चाळीसने निघून जातात.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण सहा वर्षं झाली, मिडलसेक्स काउंटीत मी स्कूल बस चालवते. मुलगी हायस्कूलला गेली, घरात बसून कंटाळा आला, मग व्यावसायिक लायसन्स काढलं, त्यावर प्रवासी आणि स्कूल बस अशा दोन वेगळ्या मान्यता घेतल्या आणि लागले कामाला. सासूबाईंना साताऱ्यात अजून वाटतं की मी "शाळेत आहे".

तर माझ्या सीटवरून हे सगळं कसं दिसतं ते सांगते, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. बसच्या कपाळावर आणि पाठीवर वरच्या बाजूला चार-चार दिवे असतात, आतले दोन पिवळे आणि बाहेरचे दोन लाल. थांबा जवळ आला की मी आधी पिवळे सुरू करते. त्याचा अर्थ "मी थांबणार आहे, तुम्हीही तयारीला लागा". ते पाहून ॲक्सिलरेटर दाबणारे इथेही कमी नाहीत. बस पूर्ण थांबली, आरशात मागची-पुढची वाहतूक पाहिली की दार उघडते. त्यासरशी लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागतात, डाव्या बाजूला थांब असं लिहिलेली लाल अष्टकोनी पाटी बाहेर येते आणि पुढच्या बंपरवरून एक लांब पिवळा दांडा पुढे उघडतो. तो दांडा तुमच्यासाठी नसतो. रस्ता ओलांडणारं मूल बसच्या नाकाला चिकटून न जाता लांबून वळसा घालून जावं, यासाठी तो असतो. मुलांना आम्ही शिकवतो की बसपासून १० फूट पुढे जाऊनच ओलांडायचं, कारण पहिलीतलं पोर बॉनेटच्या अगदी जवळून गेलं तर मला ते दिसतच नाही. त्याचे बूट दिसले तरच ते योग्य अंतरावर आहे असं मी धरते.

आता तुम्ही समोरून येताय असं समजा. वेग ताशी ३५ मैल, म्हणजे सेकंदाला जवळपास ५१ फूट. तीनशे फुटांवरून माझे पिवळे दिवे दिसले, तर माझ्यापर्यंत पोचायला तुमच्याकडे सहा सेकंद असतात. ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेलेलाच असतो, आणि पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावरसुद्धा सगळं मिळून सव्वाशे-दीडशे फूट लागतात. म्हणून पिवळे दिसताच पाय उचलला तर आरामात थांबता येतं. लाल लागेपर्यंत वाट पाहिली, तर करकचून ब्रेक मारावा लागतो आणि मागचा तुमच्यावर येऊन आदळू शकतो. जानेवारीत रस्त्यावर बर्फ असला तर हे आकडे विसरा, खूपच जास्त अंतर लागतं.

थांबल्यावर नजर कुठे ठेवायची? सगळे बसच्या दाराकडे बघतात. माझा अनुभव वेगळा आहे. उतरणारी मुलं तरी माझ्या ताब्यात असतात. जास्त भीती वाटते ती उशीर झालेल्या मुलाची. घरातून धावत सुटतं, एका हातात डबा, जॅकेटचा एक हात घातलेला, नजर फक्त बसवर. त्याचं घर तुमच्या बाजूला असेल तर ते तुमच्या उजवीकडून, दोन उभ्या गाड्यांच्या किंवा बर्फाच्या ढिगाच्या मधून येतं. बस सुटेल ही एकच भीती त्याच्या डोक्यात असते, तुमची गाडी त्याच्या हिशेबात नसते. म्हणून समोरून थांबलात की आपल्या उजवीकडचे ड्राइव्ह-वे बघा.

निघायचं कधी, यालाही कायद्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात: मूल बसमध्ये चढलेलं किंवा रस्त्याच्या कडेला पोचलेलं असावं, आणि लाल दिवे बंद झालेले असावेत. यावरून आपल्याच माणसाचा एक प्रसंग सांगते. मधे दुभाजक नसलेला चार लेनचा रस्ता, दुपारचे साडेतीन. दुसरीतला एक मुलगा उतरला, घर पलीकडे. समोरची गाडी अगदी व्यवस्थित थांबली होती. मी मुलाला आधी तळवा दाखवून थांबवलं, दोन्ही दिशा पाहिल्या आणि मग हाताने "आता जा" अशी खूण केली. समोरच्या गृहस्थांनी ती खूण स्वतःसाठी घेतली. गाडी हलली! मी हॉर्नवर हातच ठेवला. मुलगा शिकवल्याप्रमाणे बसच्या कोपऱ्यापाशी अडखळून थांबला आणि गाडी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर उभी राहिली. काच खाली करून ते मला चक्क हिंदीत म्हणाले, "आपने साइड दिया ना?"

मला राग आला, पण पटकन कळलंसुद्धा. एसटीच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला की पुढे जायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. साताऱ्याच्या रस्त्यांवर मीही तसंच चालवलंय. इथे माझा हात मुलासाठी असतो. तुमच्यासाठी दिवे आहेत. ते लुकलुकतायत तोवर मी हात हलवला, मान डोलावली, हसले, काहीही केलं तरी हलायचं नाही. त्या दिवसापासून मी खूण करताना हात काचेच्या खालीच ठेवते, मुलाला दिसेल पण समोरच्याला दिसणार नाही असा.

थांबलेल्या बसला मागून ओलांडून पुढे जायचा तर प्रश्नच येत नाही, डावीकडून नाही आणि कडेच्या मोकळ्या पट्टीवरून उजवीकडूनही नाही. दार उजवीकडेच उघडतं, मुलं तिथूनच उतरतात. तरी एकदा एकाने तेही केलं होतं. त्याबद्दल मी इथे लिहिलं तर भाषा बिघडेल.

एक सवलत मात्र आहे. बस शाळेच्या दारातच, शाळेच्या बाजूला उभी राहून मुलं चढवत-उतरवत असेल तर दोन्ही दिशांनी जास्तीत जास्त ताशी १० मैलांनी पुढे जाता येतं. आणि रेल्वेच्या रुळांपाशी बस दरवेळी थांबते, गाडी येत असो वा नसो. तेव्हा लाल पाटी बाहेर येत नाही. तो शाळेचा थांबा नसतो, पण बसला ओव्हरटेक करायला जाऊ नका, ती लगेच निघते.

दंडाचं म्हणाल तर पहिल्या वेळी किमान १०० डॉलर, शिवाय न्यायाधीशांच्या मनात आलं तर १५ दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा. पुढच्या वेळी किमान २५० डॉलर. पण खरं झोंबतं ते लायसन्सवर बसणारे ५ पॉइंट. तीन वर्षांत ६ झाले की राज्य वेगळा अधिभार लावतं आणि १२ झाले की लायसन्स निलंबित. म्हणजे ही एक चूक आणि तिच्यासोबत वेग थोडा जास्त असल्याचं एखादं तिकीट, की तुम्ही सहाच्या वर गेलात. विम्याचा हप्ताही वाढतो, ते निराळंच.

शेजारच्या राज्यांत जाताना एक लक्षात ठेवा, कारण एडिसनवरून शनिवार-रविवार सोडून इतर दिवशीही क्वीन्सला नाहीतर फिलाडेल्फियाला जाणं होतंच. न्यूयॉर्क राज्यात मध्ये दुभाजक असला तरी दोन्ही बाजूंनी थांबायचं असतं. इथली १० मैलांची सवय तिकडे चालत नाही. पेनसिल्व्हेनियात खरा दुभाजक असेल तर पलीकडच्यांना थांबावं लागत नाही. गोंधळ वाटला तर थांबा, त्याबद्दल कुणी तिकीट देत नाही. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

आणि उन्हाळा आला की गल्लीत आइसक्रीमचा ट्रक फिरायला लागेल. हसू नका, त्याचाही न्यू जर्सीत कायदा आहे. त्याचे लाल दिवे लुकलुकत असतील आणि थांबण्याची पाटी बाहेर असेल तर दोन्ही दिशांनी आधी पूर्ण थांबायचं, ओलांडणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि मग जास्तीत जास्त ताशी १५ मैलांनी हळूच पुढे जायचं. स्कूल बससारखं दिवे बंद होईपर्यंत ताटकळायची गरज तिथे नाही, नाहीतर रांग संपेपर्यंत तुम्हीही एक कोन घेऊन बसाल.