टॅग म्हणतो ‘अस्सल’, पण सील काय म्हणतं?

प्रश्न : महागड्या अत्तराची सीलबंद पेटी ऑनलाइन घेतली. फोन पेटीवरच्या एनएफसी टॅगला लावला तर ‘अस्सल’ असं पान उघडतं, पण सीलच्या कडेला गोंदाची दुहेरी रेघ आहे. विक्रेता म्हणतो, टॅग वाचला म्हणजे माल खरा, आणि ‘सील तुम्हीच काढून चिकटवलंत’ असा आरोप माझ्यावरच करतो. पेटी उघडलेली नाही. पार्सल आलं त्या दिवशीचे फोटो आणि टॅगच्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. काय करू?

उत्तर : पेटी उघडू नका आणि सीलचा कोपरा उचलूनही पाहू नका. आज तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ती न उघडलेली पेटीच आहे. माल परत करण्याची मुदत चालू असेल, तर लेखी तक्रार आजच नोंदवा. बाकीचं सावकाश करता येईल.

तुमच्यापुढे दोन वेगळे आरोप आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. सील पुन्हा वापरलं, हा एक. टॅग नकली आहे, हा दुसरा. पहिला सिद्ध झाला तरी दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. नोटिशीत दोन्ही ठोकून दिले आणि एक कोसळला, तर दुसऱ्यावरचा विश्वासही डळमळतो.

आधी टॅग. तो दोनदा वाचा, मात्र दोन्ही वेळा पेटी, फोन आणि उघडलेल्या पानाचा वेबपत्ता एकाच सलग व्हिडिओत दिसू द्या. दोन्ही वेळा पत्ता अक्षरशः तोच आला, तर टॅगमध्ये एक ठरलेला दुवा भरलेला आहे. असा दुवा कुणीही कोऱ्या टॅगवर उतरवू शकतो, त्यामुळे ‘अस्सल’ हे पान पेटीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. विक्रेत्याचा मुख्य मुद्दा तिथेच संपतो.

पत्त्याचं शेपूट दर वेळी बदलत असेल, तर टॅगमधली चिप एनटॅग ४२४ डीएनएसारखी असावी. ती प्रत्येक वाचनाला मोजणी एकाने वाढवते आणि गुप्त चावीने नवी सही तयार करते. काही उत्पादक मोजणी उघडी ठेवतात. मग पत्ता साधारण असा दिसतो :

```
https://example.com/t?uid=04...&ctr=00002A&cmac=...
```

`ctr` पुढची मोजणी हेक्स, म्हणजे सोळा-आधारित अंकांत असते, म्हणून `00002A` म्हणजे बेचाळीसावं वाचन. समजा, विक्रेत्याच्या जाहिरातीतल्या फोटोत फोनच्या पडद्यावर `000051` आहे, म्हणजे एक्क्याऐंशी, आणि तुम्हाला नंतर `00002A` मिळालं. उत्पादकाच्या चावीशिवाय मोजणी मागे नेता येत नाही, म्हणून फोटोतला टॅग आणि तुमचा टॅग एकच असणं जवळजवळ अशक्य. मोजणी लपवलेली असेल तर मात्र फोटोवरून हे कळणार नाही. ते उत्पादकालाच विचारावं लागेल.

शिवाय खरा टॅग रिकाम्या पेटीवरून सोलून इथे चिकटवलेला असू शकतो. तो प्रत्येक परीक्षेत पास होईल, कारण तो फक्त स्वतःबद्दल बोलतो, आतल्या बाटलीबद्दल नाही. म्हणूनच सील महत्त्वाचं. तिरप्या उजेडात, जवळून, कडा स्पष्ट येईल असे फोटो घ्या. जुन्या गोंदाची कड नव्या कडेबाहेर डोकावते का, पुठ्ठ्याचे तंतू उपटलेत का, ‘VOID’ची पुसट छाप उठली आहे का आणि सीलवरची छेदरेषा झाकणाच्या फटीवर नेमकी बसते का, ते पाहा. होलोग्रामचा एकच फोटो फारसा उपयोगाचा नाही. पेटी हळूहळू कलती करत व्हिडिओ घ्या.

आता खरी लढाई. तुमचे फोटो सील कसं दिसतं ते सांगतात, ते कुणी काढलं हे सांगत नाहीत. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ नसेल तर ही तुमची कमकुवत बाजू आहे आणि ती लपवू नये. इथे जाहिरातीतला फोटो कामी येतो. विसंगती उघड करण्याआधी विक्रेत्याला लेखी एकच प्रश्न विचारा : ‘जाहिरातीतले फोटो याच पेटीचे आहेत का?’ ‘हो’ म्हणाला आणि सीलचा क्रमांक जुळत नसेल, तर त्याने दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं. क्रमांक जुळला आणि जाहिरातीच्या फोटोतही गोंदाची तीच दुहेरी रेघ असेल, तर सील तुमच्या हाती येण्याआधीच काढलेलं होतं. ‘नाही’ म्हणाला, तर पेटी पाठवताना सील शाबूत होतं याला त्या फोटोंचा आधार उरत नाही. तुम्ही सील काढलंत असा आरोप तो करतो, तर त्याला आधार देण्याची जबाबदारीही त्याची.

जाहिरातीचं पान पूर्ण पत्त्यासह आणि तारखेसह आजच जपून ठेवा, कारण ते केव्हाही गायब होऊ शकतं. मूळ फोटो फोनमधून हलवू नका. चॅटवरून पाठवलेली प्रत सहसा दाबून लहान केलेली असते आणि फोटो कधी काढला ही नोंद तिच्यातून निघून जाते. मग उत्पादकाला टॅगचा यूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आणि सीलचा क्रमांक कळवून लेखी उत्तर मागा : हा टॅग याच मालासाठी दिला होता का, आणि त्यांच्या सर्व्हरवर याच मोजणीची वाचनं दोनदा नोंदली गेली आहेत का? त्यांचं एका ओळीचं पत्रही तुमच्या पंधरा फोटोंपेक्षा वजनदार ठरेल.

तोवर विक्रेत्याला ‘नकली माल विकणारा’ असं जाहीरपणे म्हणू नका. तक्रारीत इतकंच लिहा : ‘सील पूर्वी काढून पुन्हा लावल्याच्या खुणा आहेत, वस्तू वर्णनाप्रमाणे सीलबंद नाही, पैसे परत द्यावेत.’ पैसे परत मागायला एवढं पुरे आहे, आणि हे तुमच्या फोटोंवरून दाखवता येतं.