जाहिली, म्हणजे इस्लामपूर्व अरबी कविता बनावट असेल, तर कुराणातल्या शब्दांचे अर्थ तिच्यावरून कसे लावायचे?

सगळी कविता खरी की सगळी खोटी, असा निवाडा करायची गरजच नाही. पुरावा एकेका बेताचा, म्हणजे दोन चरणांच्या एकेका ओळीचा तपासावा लागतो. दोन उदाहरणं देतो.

कुराणात १६:४७ मध्ये 'तखव्वुफ' हा शब्द आहे: अल्लाह त्यांना 'तखव्वुफवर' पकडेल. आपल्या ओळखीचा खौफ त्याच धातूतला, त्यामुळे 'ते भयभीत असताना' हा अर्थ सहज सुचतो आणि काही भाष्यकारांनी तो दिलाही आहे. पण परंपरा सांगते की खलिफा उमर यांनी हा शब्द लोकांना विचारला, तेव्हा हुझैल टोळीतला एक म्हातारा उठून म्हणाला, आमच्याकडे याचा अर्थ थोडंथोडं कमी करत नेणं. आधार म्हणून त्याने एक बेत म्हटला. त्यात लांबच्या प्रवासात खोगिराने उंटिणीचं भरलेलं वशिंड झिजवलंय, धनुष्याचं लाकूड हत्याराने तासून झिजवावं तसं.

आता अडचण अशी की हा बेत कुणी झुहैरच्या नावावर टाकतं, कुणी अबू कबीर हुझलीच्या, कुणी इब्न मुक्बिलच्या, कुणी तर उमय्या काळातल्या झुर्रुम्माच्या. म्हणजे कवीचं नाव भरवशाचं नाही. तरीही मी हा पुरावा मानतो. ओळीत धर्माचा विषय नाही, कुराणाचा प्रतिध्वनी नाही, आहे ती वाळवंटातल्या माणसाची रोजची नजर. शब्द तिथे आपल्या कामासाठी आलाय, कुणाला अर्थ पुरवण्यासाठी नाही. रचना शंभर वर्षं अलीकडची निघाली तरी बदूंच्या बोलीत हा वापर होता, एवढं त्यातून कळतं.

याउलट ७०:३७ मधला 'इझीन' घ्या. नाफिअ बिन अझरक हा खारिजी या बंडखोर पंथाचा पुढारी, पैगंबरांचे चुलतभाऊ आणि कुराणाचे भाष्यकार इब्न अब्बास यांना अवघड शब्द विचारतो आणि ते प्रत्येकासाठी कविता ऐकवतात, असा एक संग्रह आहे. 'इझीन' म्हणजे घोळके, हे सांगताना ते अबीद बिन अब्रसचा बेत देतात: लोक त्याच्याकडे धावत आले आणि त्याच्या 'मिंबर'भोवती त्यांचे घोळके जमले. जाहिली कवीच्या तोंडी मिंबर, म्हणजे मशिदीतलं प्रवचनाचं व्यासपीठ? शिवाय 'युहरऊन इलैहि' (त्याच्याकडे धावत) हे शब्द तर कुराणातच, ११:७८ मध्ये, जसेच्या तसे आहेत. अर्थ बरोबर असेलही, पण हा बेत त्याचा स्वतंत्र पुरावा नाही.

हा संशय पाश्चात्त्यांनी आणलेला नाही. नवव्या शतकातच अरबी समीक्षक इब्न सल्लाम अल-जुमही तक्रार करतो की हम्माद हा रावी, म्हणजे कविता पाठ करून पुढे पोचवणारा, एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर खपवतो आणि पदरच्या ओळी घालतो. १९२५ मध्ये इंग्रज अभ्यासक मार्गोलिउथ आणि १९२६ मध्ये कैरोत इजिप्शियन लेखक ताहा हुसैन यांनी हाच धागा पार टोकाला नेला. ताहा हुसैन म्हणाले, कवितेवरून कुराण लावू नका, कुराणावरून कविता तपासा. 'इझीन'च्या बेताला हे चपखल लागू पडतं. उंटिणीच्या वशिंडाला मात्र ते लावता येत नाही, कारण कुराणातून तिथे काही उचललेलंच दिसत नाही.