रिफंडसाठी ओटीपी सांगितला, पैसे गेले. बँक हात झटकते आहे

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला मिक्सर परत केला होता, ३,४९९ रुपये यायचे होते. इंटरनेटवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन केला. समोरच्याने डेबिट कार्डवरचे आकडे विचारले आणि ‘ओळख पटवायला’ म्हणून ओटीपी मागितला. मी दोनदा सांगितला. २.१० ला २४,९९९ आणि २.१४ ला १८,५०० गेले. २.४० ला बँकेच्या टोल फ्री नंबरवर कळवलं, तक्रार क्रमांकही मिळाला. तरी ३.०५ ला आणखी ९,८०० गेले. तेव्हा मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, आमची जबाबदारी नाही. हे खरं का? आणि खरी कंपनी ओटीपी मागतच नाही का?

उत्तर : ताई, बँकेचं म्हणणं पहिल्या दोन रकमांपुरतं बरचसं खरं आहे, तिसऱ्या रकमेपुरतं नाही. तुमच्या प्रकरणात २.४० ही वेळ सगळ्यात मोलाची आहे. तिथे येण्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण कायदा तुमच्याकडे कसा पाहतो हे त्यावरून कळेल.

ओटीपी तयार करते तुमची बँक. तो तिच्याच यंत्रणेत जन्मतो, तुमच्या मोबाइलवर येतो आणि पैसे देण्याच्या पानावर टाकला की पडताळणीसाठी परत तिच्याच यंत्रणेकडे जातो. जी गोष्ट बँकेने स्वतः तयार केली, ती तोंडी विचारून बँकेच्या माणसाला नवं काय कळणार? आणि ओटीपी ‘तुम्ही कोण’ हे सिद्ध करतच नाही. तो सांगतो, ‘ही एक विशिष्ट रक्कम या एका ठिकाणी जाऊ द्या.’ म्हणजे ती तुमची सही आहे, तीही एकाच चेकवरची. ओळख पटवायची तर बँक जन्मतारीख, पत्ता किंवा अलीकडचा एखादा व्यवहार विचारते. बँकेच्या अधिकृत नंबरवर तुम्ही स्वतः फोन केलात आणि यंत्राने कोड मागितला, तर तो मोबाइलच्या बटणांवर टाकायचा असतो. तिथेही माणसाला ऐकवायचा नसतो.

रिफंडचं तर आणखी सोपं आहे. दुकानदार आपल्या पेमेंट कंपनीला मूळ व्यवहाराचा क्रमांक देतो आणि पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर उलटे जातात. त्यासाठी त्याला तुमचा कार्ड नंबर लागत नाही, सीव्हीव्ही लागत नाही, ओटीपी तर नाहीच. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला हा जादा पडताळा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला, तो खात्यातून पैसे बाहेर जाताना. आत येणाऱ्या पैशाला कुणाच्या परवानगीची गरज नसते. रिफंड अडकलाच, तर दुकानाच्या ॲपमधून त्याचा संदर्भ क्रमांक (एआरएन) मागा. तो दिला की तुमची बँक पैसे शोधू शकते.

आता तुमच्या मोबाइलमधला २.१० च्या सुमाराचा मेसेज उघडा. तो साधारण असा असेल :

```
OTP 4XXXXX for txn of Rs 24,999.00 on Debit Card
ending 7XXX. Do not share with anyone.
```

यात ‘txn of Rs 24,999’ असं आहे, ‘refund’ कुठेही नाही. यायचे होते ३,४९९. फोनवरचा माणूस घाई करतो ती तुम्ही आकड्याआधीची ओळ वाचू नये म्हणून. हे मेसेज पुसू नका. एक अपवादही सांगते, नाहीतर गोंधळ होईल : पार्सल आणणारा मुलगा दारात जो कोड विचारतो, तो दुकानाने पाठवलेला डिलिव्हरी कोड असतो, बँकेचा ओटीपी नव्हे. पण तोही आधी मेसेज वाचून, पार्सल हातात आल्यावरच द्यायचा. मेसेजमध्ये रक्कम आणि कार्ड दिसलं तर तो डिलिव्हरी कोड नाही.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने गुप्त तपशील सांगितल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. म्हणून ४३,४९९ रुपयांवर तुमची बाजू कमकुवत आहे, हे मी लपवत नाही. पण ३.०५ चे ९,८०० रुपये बँकेने सोसायचे आहेत. तक्रार नोंदवल्यावर कार्ड २५ मिनिटं चालू का राहिलं, याचा जाब बँकेने द्यायचा आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे.

३ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचं अपील फेटाळलं आणि आसाममधल्या ग्राहकाला ९४,००० रुपयांहून थोडी जास्त रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, हा निकाल तुम्हाला कुणीतरी दाखवेल. तिथेही रिफंडचाच बनाव होता. पण आपण ओटीपी कुणालाही दिला नाही, असं त्या ग्राहकाचं म्हणणं होतं आणि त्याने २४ तासांत कळवलं होतं. तुम्ही ओटीपी दिला आहे. अर्जात ‘मी दिलाच नाही’ असं लिहायचा मोह होईल, तसं करू नका. कॉलच्या नोंदी आणि टोल फ्रीवरचं तुमचं रेकॉर्डिंग बँकेकडे असतं. एक खोटं पकडलं गेलं की ९,८०० रुपयांचा खरा दावाही लटकेल.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला अजून फोन केला नसेल तर हे वाचून होताच करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार भरून पोचक्रमांक घ्या. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते उरले असतील, तर याच वाटेने गोठवले जातात. तुमच्या ४३,४९९ ची खरी आशा इथेच आहे. गोठलेली रक्कम आपोआप परत येत नाही. ती सोडवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागू शकतो. पोलिसांत फिर्याद देताना भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८(४) व ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड यांचा उल्लेख करा.

बँकेला शाखेत लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. मजकूर लांबवू नका. तिन्ही व्यवहारांची वेळ आणि रक्कम, २.४० चा तक्रार क्रमांक, आणि तीन मागण्या : कळवल्यानंतर गेलेले ९,८०० रुपये जमा करा, कार्ड किती वाजता बंद केलं ते लेखी कळवा, तिसऱ्या व्यवहाराला कोणता पडताळा वापरला गेला त्याची नोंद द्या. परिपत्रकानुसार कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. सोबत तुमच्या मोबाइलच्या कॉल यादीचा, २.४० चा फोन दिसणारा स्क्रीनशॉट जोडा.

बँकेने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तिथे ९,८०० चा दावा आधी आणि वेगळा मांडा, ४३,४९९ चा नंतर. सगळी रक्कम एकत्र मागितलीत, तर ‘ओटीपी दिला होता’ या एका वाक्यात तिन्ही व्यवहार गुंडाळले जाण्याचा धोका आहे.