८०५१ चा रीसेट: आधी सप्लाय किती वेगाने चढतो ते बघा

रीसेटचं बटण दाबल्यावर तुमचा ८०५१ मायक्रोकंट्रोलर नीट चालतो, पण पॉवर दिल्यावर कधीकधी अडकतो. म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्याआधी रीसेट तपासा.

तुमची जोडणी नेहमीचीच आहे: ५ व्होल्टपासून रीसेट पिनपर्यंत १० मायक्रोफॅरड, तिथून ग्राउंडला १० किलोओहम. गुणाकार १०० मिलिसेकंद. नवशिके इथेच थांबतात आणि धरून चालतात की रीसेट मिळणारच. पण हे गणित सप्लाय झटक्यात आला तरच खरं. १० मिलिसेकंदांत ५ व्होल्ट आले, तर पिन साधारण ४.८ पर्यंत चढते आणि रीसेटला लागणाऱ्या ३.५ च्या खाली यायला आणखी ३० मिलिसेकंद लागतात. तेवढं पुरतं.

आता मोठा फिल्टर कपॅसिटर आणि अशक्त अडॅप्टर यांमुळे तोच सप्लाय १ सेकंदात चढला असं धरा. कपॅसिटर सप्लायबरोबरच भरत जातो, आणि पिनवर जेमतेम ०.५ व्होल्ट दिसतात. रीसेटला ३.५ हवेत, म्हणजे तो झालाच नाही!

कपॅसिटर वाढवत बसू नका. मग झटकन बंद-चालू केल्यावर तो रिकामा व्हायलाच वेळ लागतो. स्कोपवर सप्लाय आणि रीसेट पिन एकत्र बघा. चढ संथ असेल तर मॅक्स ८१० सारखी रीसेट आयसी लावा. ती वेळ नव्हे, प्रत्यक्ष व्होल्टेज पाहते आणि ते पुरेसं झाल्यावरही किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते. मॅक्स ८०९ मात्र घेऊ नका, त्याचं आउटपुट उलटं असतं.