रिव्ह्यूला उत्तर द्या, पण केसपेपर उघडू नका

प्रश्न: मी एमबीबीएस डॉक्टर आहे, बार्शीत बरीच वर्षं दवाखाना चालवतो. गेल्या आठवड्यात एका पेशंटने गुगलवर एक स्टार देऊन लिहिलं, "दीड तास बसवून ठेवलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि बाराशेच्या टेस्ट लिहून दिल्या. लॅबकडून कमिशन खातात." मी उत्तर तयार ठेवलंय: "साहेब, तुमची शुगर तीनशेच्या वर होती. गोळ्या तुम्ही मनानेच बंद केल्या होत्या, म्हणून टेस्ट सांगितल्या. आमच्याकडे हजारो पेशंट बरे झालेत. खोटं लिहिल्याबद्दल तुमच्यावर अब्रुनुकसानीची केस टाकतोय." हे टाकू का? आणि खरंच केस होईल का?

उत्तर:

डॉक्टर, हे उत्तर टाकू नका. आज त्या रिव्ह्यूपेक्षा तुमच्या मसुद्यातल्या शुगरच्या वाक्याचा तुम्हाला जास्त धोका आहे.

तुमच्या व्यवसायाला लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांत ७.१४ हा नियम आहे. तपासणीच्या निमित्ताने कळलेली पेशंटची गोष्ट डॉक्टरने बाहेर सांगायची नाही. त्याला अपवाद मोजकेच आहेत: न्यायाधीशांनी आदेश दिला तर, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला ठोस आणि गंभीर धोका असेल तर, आणि कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या बाबतीत. दवाखान्याची बदनामी झाली, हा त्यातला अपवाद नाही. "त्यानेच आधी चव्हाट्यावर आणलं" असं तुम्ही म्हणाल. पण त्याने लिहिलंय ते थांबण्याबद्दल, टेस्टबद्दल आणि पैशांबद्दल. मधुमेह आणि बंद केलेल्या गोळ्या या गोष्टी पहिल्यांदा तुम्हीच जाहीर करणार आहात, आणि त्या त्याचे शेजारी, नातेवाईक, कामावरचा मालक असे सगळे वाचणार. समजा त्याने स्वतःच आजार लिहिला असता, तरी स्वतःबद्दल बोलायचा हक्क त्याचा आहे आणि गुप्ततेचं बंधन तुमच्यावरच राहतं. उद्या तो हाच स्क्रीनशॉट घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे गेला, तर कमिशनचा आरोप बाजूला पडेल आणि उत्तर द्यायला तुम्ही उभे राहाल.

म्हणून उत्तरात त्या माणसाबद्दल काहीही नको. फक्त दवाखान्याची पद्धत सांगा. "तुम्ही मंगळवारी आला होता तेव्हा" हेसुद्धा लिहू नका, कारण त्यातून तो तुमचा पेशंट असल्याची कबुली तुमच्याकडून जाते. "हजारो पेशंट बरे झाले" हे वाक्यही काढा. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला तेच विनियम मनाई करतात, आणि रागावलेल्या माणसाला त्या वाक्याने काही मिळतही नाही.

मी असं लिहीन:

"नमस्कार. बराच वेळ थांबावं लागलं असं आपण लिहिलं आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. सकाळच्या वेळी गर्दी होते. फोनवर नंबर लावल्यास थांबणं कमी होतं. कोणाच्याही तब्येतीविषयी आम्ही इथे बोलू शकत नाही, डॉक्टर म्हणून ते बंधन आहे. टेस्ट का लागते हे विचारल्यास मी स्वतः समजावून सांगतो, आणि ती कोणत्याही लॅबमध्ये करून आणलेली चालते. कोणत्याही लॅबकडून आम्ही कमिशन घेत नाही. आपली काही कागदपत्रं आमच्याकडे असतील तर मागणी केल्यावर प्रत मिळेल. दुपारी १ ते २ या वेळेत दवाखान्याच्या नंबरवर थेट माझ्याशी बोलावं."

इथे दिलगिरी फक्त थांबण्याबद्दल आहे, तीही "आपण लिहिलं आहे" असं म्हणून. तपासणी किंवा उपचाराबद्दल "आमची चूक झाली" असं लिहू नका. तो दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाऊ शकतो आणि तुमचं लेखी वाक्य तिथे तुमच्याच विरोधात वाचलं जाईल. कागदपत्रांचं आश्वासन मात्र मोकळेपणाने द्या. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं तसंही तुमच्यावर बंधनकारक आहे.

कमिशनचं वाक्य टाकण्याआधी मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून घ्या. विनियमांत बंदी आहे ती फक्त रोख टक्केवारीला नाही. पेशंट पाठवल्याच्या बदल्यात घेतलेली भेटवस्तूही त्यात येते. एखाद्या लॅबकडून दिवाळीला पाकीट येत असेल, तर हे वाक्य काढा आणि पाकीटही बंद करा. "कोणतीही लॅब चालते" हेही तसंच. कंपाउंडर चिठ्ठीवर एकाच लॅबचा शिक्का मारून देत असेल, तर ते वाचणारा प्रत्येक पेशंट तुम्हाला खोटं ठरवेल.

आता केसबद्दल. दीड तास, दोन मिनिटं, महागड्या टेस्ट हा त्याचा अनुभव आहे. त्यात अतिशयोक्ती असली तरी त्यावर अब्रुनुकसानी उभी राहणं अवघड. "कमिशन खातात" हे वेगळं आहे. तो व्यावसायिक गैरवर्तनाचा आरोप आहे, आणि खोटा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा. पण पोलीस यात एफआयआर घेणार नाहीत. तुम्हालाच मॅजिस्ट्रेटसमोर खासगी तक्रार करावी लागेल, आणि दखल घेण्याआधी कोर्ट समोरच्याचं म्हणणं ऐकेल. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे.

या एका रिव्ह्यूसाठी मी केस करणार नाही. त्याचा बचाव "हे खरं आहे आणि लोकहितासाठी लिहिलं" हाच असेल, आणि मग तुम्ही कोणत्या लॅबला किती पेशंट पाठवले याची उलटतपासणी कोर्टात तुमचीच होईल. तुम्ही स्वच्छ असलात तरी त्यात दवाखान्याचे कितीतरी दिवस जातील. आणि जी केस करायची नाही तिची धमकी उत्तरात लिहू नका. वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या मनात तेवढंच राहतं.

गुगलकडे त्या रिव्ह्यूची तक्रार जरूर नोंदवा, पण फार भरवसा ठेवू नका. शिवीगाळ, बनावट मजकूर, विषयाबाहेरचा मजकूर अशा कारणांवर ते रिव्ह्यू काढतात. खरं कोण बोलतंय या वादात ते पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर असा मजकूर काढणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक होतं ते कोर्टाचा किंवा सरकारी यंत्रणेचा आदेश मिळाल्यावर. तुमची नोटीस त्यासाठी पुरत नाही.

पुरावा मात्र आजच जपून ठेवा, कारण तो रिव्ह्यू केव्हाही बदलू शकतो. प्रोफाइलचं नाव, तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या मोबाइलवर घेतला तो विकू नका. कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. याच माणसाने कमिशनचा आरोप गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरवायला सुरुवात केली, तर हे सगळं घेऊन वकिलाकडे जा. तेव्हा नोटीस पाठवणं योग्य ठरेल.

दवाखान्यातल्या सगळ्यांना एक गोष्ट आजच बजावून सांगा. रजिस्टरमधला नंबर काढून त्या पेशंटला "रिव्ह्यू काढा" असा फोन करायचा नाही. तपासणी फुकट करून देतो, असंही म्हणायचं नाही. त्या बदल्यात रिव्ह्यू काढायला लावणं गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे. आणि भाच्या-पुतण्यांकडून पाच स्टार टाकून घेण्याचा विचार मनात असेल, तर तोही सोडा.